रेफरन्ससाठी तुमचं नाव देऊ का?

नोकरी बदलताना भरायच्या फॉर्मवर एक रकाना असतो, तो बहुतेक जण सगळ्यात शेवटी भरतात. पूर्वीच्या दोन वरिष्ठांची नावं, हुद्दा, कंपनी, मोबाइल नंबर, ऑफिसचा ई-मेल. पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, पीएफचा यूएएन हे सगळं आपल्याच फोनमध्ये किंवा कपाटातल्या फायलीत सापडतं. हा रकाना मात्र दुसऱ्या माणसाच्या होकाराशिवाय भरता येत नाही, म्हणून तो मागे पडत जातो. मग एचआरचा ‘फॉर्म आजच पाठवा’ असा निरोप येतो आणि कित्येक वर्षं ज्यांच्याशी बोलणं नाही अशा साहेबांना रात्री उशिरा मेसेज जातो : ‘सर, नमस्कार. कसे आहात?’

चाकणच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं क्वालिटी विभाग सांभाळला. हाताखाली डिप्लोमा करून आलेली मुलं-मुली असायची, दोन-चार वर्षांत शिकून पुढे जायची. त्यामुळे असे मेसेज मला नेमाने येत राहिले. हा विषय मी मागणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या खुर्चीतून जास्त पाहिला आहे, आणि तिथून तो जरा वेगळा दिसतो.

‘कसे आहात?’ला मी ‘मजेत, तू कसा आहेस?’ असं लिहितो. मग ‘मीपण मजेत सर, घरी सगळे बरे ना?’ असं येतं. मग बराच वेळ काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, ‘सर, एक काम होतं.’ इथे मात्र माझ्या मनात पाल चुकचुकते. काम म्हणजे काय? उसने पैसे, मुलाची ॲडमिशन, की विम्याची पॉलिसी? खरं काम पाच मिनिटांच्या फोनचं निघतं, पण तोवर दोन दिवस गेलेले असतात. त्याला वाटतं, इतक्या दिवसांनी एकदम कामाचं कसं बोलायचं. मला वाटतं, हा सरळ सांगत का नाही. ख्यालीखुशाली विचारायला कुणाची ना नाही; पण तिच्याआड काम लपवलं की ख्यालीखुशालीच खोटी वाटायला लागते.

होकार देणं सोपं कधी होतं हे समजायचं, तर होकारानंतर देणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते आधी पाहायला हवं. नवी कंपनी ऑफर देण्याआधी किंवा दिल्यानंतर लगेच ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन’ सुरू करते. मोठ्या कंपन्या हे काम बहुधा बाहेरच्या एजन्सीकडे देतात. एजन्सीतल्या मुलीचा फोन अनोळखी नंबरवरून येतो, तोही भर कामाच्या वेळात. नाहीतर मेलवर एक लिंक येते आणि ती सरळ स्पॅममध्ये जाऊन बसते. प्रश्न जवळपास ठरलेले असतात. हे तुमच्याकडे कधीपासून कधीपर्यंत होते? थेट तुम्हाला रिपोर्ट करत होते का? काम काय होतं? बलस्थानं कोणती, सुधारणा कुठे हवी? नोकरी का सोडली? आणि शेवटी हमखास : संधी मिळाली तर तुम्ही यांना पुन्हा घ्याल का?

पहिल्या प्रश्नालाच माणूस अडकतो. माझ्याकडे एवढे जण येऊन गेले. चेहरा लख्ख आठवतो, आवाज आठवतो, डबा कुणाबरोबर खायची तेही आठवतं, पण साल विचारलं की गाडी थांबते. ‘बलस्थानं’ म्हटल्यावर तोंडातून ‘हो, चांगला मुलगा होता, मेहनती होता’ एवढंच निघतं. पलीकडची मुलगी ते टाइप करून घेते आणि त्यातून त्या मुलाचं काडीचंही भलं होत नाही, कारण ‘मेहनती’ हा शब्द तिने त्याच दिवशी आणखी कितीतरी जणांबद्दल टाइप केलेला असतो. फोन ठेवल्यावर मलाच चुटपुट लागते. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं खूप होतं, ते ऐन वेळी सुचलं नाही.

दुसरी अडचण कंपनीच्या नियमांची. बऱ्याच बहुराष्ट्रीय कंपन्यांत मॅनेजरने माजी कर्मचाऱ्याबद्दल कंपनीच्या नावाने मत द्यायचं नाही, अशी लेखी ताकीद असते. चौकशी आली तर ती एचआरकडे वळवायची आणि एचआरने फक्त रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि हुद्दा एवढंच सांगायचं. या सावधगिरीमागे कोर्टकचेरीची भीती असते. इंग्लंडमध्ये १९९४ साली ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं, की रेफरन्स देणाऱ्या मालकाने तो काळजीपूर्वक द्यायला हवा. हलगर्जीपणाने चुकीचं लिहिलं आणि माणसाचं नुकसान झालं तर तो जबाबदार. कंपन्यांचे कायदा विभाग असले निकाल विसरत नाहीत. तेव्हा पुण्यातला एखादा मॅनेजर ‘बघतो’ म्हणून गप्प बसला तर त्यामागे नाराजीच असेल असं नाही. त्याला स्वतःच्या कंपनीत जाब द्यावा लागू नये इतकंच असू शकतं.

आणि तिसरी अडचण न बोलण्यातली. मागणारा अजून जुन्या नोकरीत आहे की राजीनामा दिलाय? चाकण, भोसरी, रांजणगाव हा सगळा पट्टा तसा एकाच वाड्यासारखा आहे. त्याचा आताचा साहेब माझ्याबरोबर कधीतरी काम केलेला निघतो, रविवारी एखाद्या लग्नात भेटतो. मी सहज बोलून गेलो आणि त्या मुलाने अजून राजीनामाच दिलेला नसला, तर? मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नसला की ही काळजी माझ्याकडे येते.

सगळ्या अडचणींवर एकदम उपाय असलेला एक मेसेज मला मागे आला होता. माझ्याकडे सप्लायर क्वालिटीत काम केलेली एक मुलगी; मधे एक नोकरी करून आता नाशिकच्या एका कंपनीत जायच्या बेतात होती. तिची परवानगी आहे, म्हणून तो मेसेज नाव-गाव वगळून इथे देतो :

‘नमस्कार सर. मी २०१७ ते २०२० तुमच्याकडे सप्लायर क्वालिटीत होते, कास्टिंगचे व्हेंडर माझ्याकडे होते. नाशिकच्या एका कंपनीत त्याच कामासाठी निवड होत आली आहे आणि त्यांनी पूर्वीच्या साहेबांचा रेफरन्स मागितला आहे. तुमचं नाव देऊ का? पुढच्या आठवड्यात त्यांच्या एचआरचा दहा-पंधरा मिनिटांचा एक फोन येईल, लेखी काही द्यायचं नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीचा पावसाळ्यातला पोरॉसिटीचा प्रश्न आपण सोडवला होता, तो त्यांच्या कामाशी जुळतो म्हणून आठवण करून देते. मी अजून राजीनामा दिलेला नाही, तेवढं आपल्यातच राहू द्या. कंपनीच्या नियमामुळे किंवा वेळेमुळे जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, दुसऱ्या एका साहेबांना विचारता येईल. गुरुवारपर्यंत कळवलंत तरी चालेल.’

मी तेव्हा लाइनवर होतो, एका गेजच्या कॅलिब्रेशनवरून वाद चालला होता. मेसेज वाचला, ‘हो, दे’ असं लिहिलं आणि पुन्हा वादात शिरलो. त्या क्षणी मला एवढंच करता आलं असतं आणि तिनेही एवढंच मागितलं होतं. पूर्ण मेसेजमध्ये प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. याच मेसेजमध्ये तिने ‘कोणता मेल देऊ, तुमचा आताचा हुद्दा काय, कोणत्या वेळी फोन करायला सांगू’ असं विचारलं असतं तर मी ‘संध्याकाळी सावकाश लिहू’ म्हणून बाजूला ठेवलं असतं, आणि संध्याकाळी सावकाश कुणाला वेळ असतो? हे प्रश्न तिने माझा होकार आल्यावर विचारले.

कोल्हापूरच्या आठवणीचं मोल मला फोन आल्यावर कळलं. शिरोलीच्या एका फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगमध्ये दर पावसाळ्यात मशिनिंग केल्यावर बारीक भोकं दिसायची. फाउंड्रीवाले म्हणायचे, तुमचं मशिनिंग जास्त खोल जातंय. आमचे लोक म्हणायचे, तुमची वाळू ओली. दर वर्षी दिवाळीपर्यंत हे भांडण चालायचं आणि थंडी पडली की प्रश्न आपोआप मिटायचा, म्हणून कुणी मुळाशी जात नव्हतं. ही मुलगी जुलैत तिथे जाऊन राहिली. वाळूतल्या ओलाव्याची नोंद पाळीला एकदाच घेतली जायची, ती दर दोन तासांनी घ्यायला लावली. उघड्यावर पडलेलं भंगार भट्टीत जाण्याआधी शेडखाली आणायला लावलं. आणि महत्त्वाचं म्हणजे फाउंड्रीच्या मालकाशी न भांडता हे सगळं तिने करवून घेतलं. रिजेक्शन खाली आलं, ते पुढच्या पावसाळ्यातही वर गेलं नाही.

नाशिकच्या एचआरने मला विचारलं, ‘व्हेंडरशी वागणं कसं आहे?’ मी हा किस्सा सांगितला. त्यात मी एकही विशेषण वापरलं नसेन, पण ती मुलगी कशी आहे ते त्यांना कळलं. कारण त्यांनी लगेच विचारलं, ‘फाउंड्रीचा मालक ऐकत नव्हता तेव्हा तिने काय केलं?’ असा पुढचा प्रश्न आला की समजावं, पलीकडचा माणूस आता नुसता फॉर्म भरत नाहीये. आणि हा किस्सा मला आयत्या वेळी सुचला नसता, हे मी छातीठोकपणे सांगतो. कोल्हापूर आणि पोरॉसिटी हे दोन शब्द तिने आधी दिले होते, म्हणून बाकीचं मी भरू शकलो.

इथे एक बारीक रेघ आहे. तिने आठवण दिली, भाषण दिलं नाही. काही जण लिहून पाठवतात, ‘सर, मी टीम प्लेअर आहे, लीडरशिप आहे, प्रेशरमध्ये काम करू शकतो, एवढं सांगा.’ हे वाचलं की मला कुणीतरी तोंडात शब्द कोंबतंय असं वाटतं, आणि मी ते सांगतही नाही. झालेली गोष्ट आठवून दिली तर तिच्यावरून मत बनवायचं काम माझ्याकडे राहतं. आठवण खोटी किंवा फुगवलेली असेल तर मला ती ओळखता येते, कारण मी तिथे होतो. त्यामुळे देणाऱ्याला मोकळं वाटतं आणि मागणाऱ्याचंही नुकसान होत नाही. सोबत चार पानी बायोडेटा जोडणं हे मात्र उलट्या दिशेचं काम. फोनच्या स्क्रीनवर पीडीएफ चिमटीने मोठी करून कुणीही वाचत नाही. नव्या जागेच्या कामाची दोन ओळींत कल्पना दिली की पुरते.

तिच्या मेसेजमधली मला सर्वात शहाणपणाची वाटलेली ओळ शेवटाकडची आहे : जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा. आपल्याकडे अशा वाक्याला नुसती रीत समजतात. पण या वाक्याचा खरा उपयोग होतो, आणि तो मोजलेलाही आहे. निकोला गेगँ आणि अलेक्झांद्र पास्कुआल या दोन फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे बसच्या तिकिटासाठी सुटे पैसे मागायचे. नुसते मागितले तेव्हा दहातल्या एकानेच दिले. ‘पण द्यायचे की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे’ एवढं जोडलं, तेव्हा जवळपास निम्म्यांनी दिले. रस्त्यावरच्या सुट्ट्या पैशांचा आकडा मॅनेजरच्या होकाराला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे उघड आहे. तरी कारण ओळखीचं आहे. दार बंद करून मागितलं की माणूस आधी बाहेर पडायची वाट शोधतो. दार उघडं ठेवलं की तो मागणीकडे बघतो.

मात्र ते दार खरोखर उघडं हवं. ‘नाही म्हणू नका सर, तुमच्यावरच सगळं अवलंबून आहे’ असं आधी लिहून मग ‘जमत नसेल तर हरकत नाही’ म्हटल्याने काही साधत नाही. तिने कारणंही हाताशी ठेवली होती : कंपनीचा नियम, वेळ. नाही म्हणणाऱ्याला खरं कारण सांगावं लागू नये, ही त्यातली माया. आणि दुसरे साहेब आहेत हे सांगितल्याने माझ्या नकाराने तिची नोकरी जाणार नाही, एवढी खात्री मला मिळाली. मागणारे हे सहसा लिहीत नाहीत, कारण त्यांना वाटतं पर्याय सांगितला तर साहेब तिकडेच ढकलतील. खरं तर ज्याला मनापासून बोलायचं आहे तो ढकलत नाही. आणि ज्याला बोलायचं नाही, त्याच्याकडून ओढून काढलेला रेफरन्स कामाचा नसतो. ‘पुन्हा घ्याल का?’ या प्रश्नावर क्षणभर थांबून आलेलं ‘हो, घ्यायला हरकत नाही’ हे पलीकडच्याला नकारासारखंच ऐकू जातं. मी स्वतः अशी उत्तरं ऐकून उमेदवार मागे ठेवले आहेत.

म्हणून होकाराचा सूरही वाचायला शिकावं. ‘हो, दे की’ आणि ‘आनंदाने’ हे होकार. ‘बघू’, ‘फोन आला तर बोलेन’, ‘एचआरकडून करून घे ना’ हे नकार समजावेत, कितीही गोड शब्दांत आले तरी. दोन निळ्या रेघा दिसून तीन दिवस काहीच आलं नाही, तर एकदा, फक्त एकदा, छोटी आठवण करावी आणि मग दुसऱ्याकडे वळावं. हा पाठपुरावा सोपा व्हावा म्हणूनच तिने ‘गुरुवारपर्यंत’ लिहिलं होतं. तारीख नसली की आठवण करून देताना तगादा लावल्यासारखं वाटतं. तारीख असली की शुक्रवारी विचारायला संकोच नाही.

होकार मिळाला की दुसरा मेसेज, आणि त्यात निव्वळ तपशील. कंपनीचं नाव, फोन करणाऱ्या एजन्सीचं नाव, शक्य असेल तर नंबर, म्हणजे ट्रूकॉलरने लाल दाखवलं तरी उचलता येईल. मेल कुठल्या पत्त्यावरून येणार आहे, म्हणजे स्पॅममध्ये शोधता येईल. आणि इथेच विचारायचं, कोणता मेल द्यायचा. एजन्सीवाले जीमेल सहसा घेत नाहीत, त्यांना ऑफिसचा पत्ता लागतो. पण साहेबांनी मधे कंपनी बदलली असेल तर जुना मेल बंद, आणि नव्या कंपनीच्या मेलवरून जुन्या माणसाबद्दल लिहिणं त्यांना अवघड. अशा वेळी एजन्सीला आधीच कल्पना द्यावी. बरेचदा लिंक्डइनच्या प्रोफाइलवरून ते खात्री करून घेतात. हे न विचारता परस्पर फॉर्मवर नंबर देऊन मोकळे होणारेही भेटतात. मला एकदा एजन्सीच्या फोनवरूनच कळलं होतं, की मी कुणाचा तरी रेफरन्स आहे. मी बोललो, पण जेवढं विचारलं तेवढंच.

व्हॉट्सअ‍ॅप की मेल, मराठी की इंग्रजी, याचा फार ऊहापोह करू नये. साहेबांशी एरवी ज्या भाषेत, ज्या जागी बोलणं होतं तिथेच लिहावं. माझ्याशी मराठीत बोलणारी पोरं या एका कामासाठी अचानक ‘रिस्पेक्टेड सर’ वर येतात तेव्हा गंमत वाटते, एवढंच. ज्यांना मेसेजपेक्षा फोन आवडतो अशा जुन्या वळणाच्या साहेबांना फोन करावा, पण फोननंतर हाच मजकूर लिहून पाठवावा. साल आणि फाउंड्रीचं नाव बोलण्यातून लक्षात राहत नाही.

त्या मुलीने फॉर्मवर दोन नावं दिली होती. दुसरे साहेब तिच्या मधल्या नोकरीतले, तिथून एव्हाना दुसरीकडे गेलेले, त्यामुळे राजीनाम्याची बातमी फुटायची भीती नव्हती. त्यांना तिने हाच मेसेज पाठवला, फक्त कोल्हापूरची ओळ बदलून त्यांच्याकडच्या एका ऑडिटची आठवण घातली. त्यांच्या नव्या कंपनीचा नियम आडवा आला. तिने दिलेल्याच कारणाचा आधार घेऊन त्यांनी दहा मिनिटांत कळवलं, ‘कामाबद्दल मत देता येणार नाही, पण तू मला रिपोर्ट करत होतीस आणि कोणत्या काळात, एवढं मी नक्की सांगेन.’ तिने नाशिकच्या एचआरला ते तसंच कळवलं. एचआरने त्यांच्याकडून कालावधी आणि हुद्दा नोंदवून घेतला, कामाविषयीचे सगळे प्रश्न मला विचारले आणि फाइल पुढे पाठवली. पुढच्या महिन्यात तिने राजीनामा दिला; नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा होता, त्यावरून मात्र बरीच घासाघीस झाली.